भरती-ओहोटीचा एक धडा आणि तीन हरकती: अभ्यासक्रम, पाठ्यक्रम आणि पाठ्यपुस्तक यांतला फरक

बी.एड.च्या परीक्षेत 'अभ्यासक्रम, पाठ्यक्रम व पाठ्यपुस्तक यांतील फरक स्पष्ट करा' हा प्रश्न आला की बहुतेक उत्तरपत्रिकांत तीन रकान्यांचा तक्ता असतो. पहिल्या रकान्यात 'व्यापक', दुसऱ्यात 'मर्यादित', तिसऱ्यात 'अतिमर्यादित'. तक्ता चुकीचा नाही, पण त्यावरून असे वाटते की ही एकाच वस्तूची लहान, मध्यम आणि मोठी आकारमाने आहेत. वर्गात उभे राहिल्यावर एखादी गोष्ट का करायची, कोणाला विचारून करायची आणि ती झाली की नाही हे कशावरून ठरवायचे, याचे उत्तर या तक्त्यातून मिळत नाही. म्हणून इथे एकच प्रसंग घेऊन तिन्ही संकल्पना त्यात कुठे कुठे उभ्या आहेत ते पाहायचे आहे.

प्रसंग रत्नागिरी जिल्ह्यातल्या एका खाडीमुखाजवळच्या उच्च प्राथमिक शाळेतला. वर्ग सातवीचा, विषय भूगोल, घटक भरती-ओहोटी. शिकवणारी आमच्या महाविद्यालयातली छात्राध्यापिका, आंतरवासितेसाठी तिथे गेलेली. शाळेचे आणि माणसांचे नाव देत नाही; अभ्यासासाठी त्याची गरजही नाही.

काय घडले

छात्राध्यापिकेचे टाचण नेटके होते. बालभारतीच्या भूगोलाच्या पुस्तकात हा तिसरा पाठ. चंद्र-सूर्याचे गुरुत्वाकर्षण, केंद्रोत्सारी प्रेरणा, उधाणाची आणि भांगाची भरती, दोन भरतींमधले साधारण 12 तास 25 मिनिटांचे अंतर, असे मुद्दे तिने क्रमाने मांडले होते. टाचणातला 'उद्दिष्टे' हा रकाना मात्र मी दोनदा वाचला. त्यात पाठातली उपशीर्षकेच 'विद्यार्थ्यांना माहिती होते' एवढे शेपूट लावून उतरवलेली होती, आणि 'साहित्य' या रकान्यात एकच शब्द होता: पाठ्यपुस्तक.

पहिल्या तासिकेला साडेअकराच्या सुमारास ती फळ्यावर आकृती काढत होती. तेवढ्यात मागच्या बाकावरची मुलगी म्हणाली, "बाई, आज अष्टमी. भरती सहाला. आता पाणी उतरलंय." वर्गातल्या निम्म्याहून अधिक मुलांची घरे मासेमारीवर चालतात, त्यामुळे कोणालाही त्यात नवल वाटले नाही. छात्राध्यापिकेला वाटले. हे तुला कसे कळले, असे तिने विचारले, तेव्हा दोन-तीन मुलांनी एकदमच सांगितले: तिथीची पाऊणपट करायची. चतुर्थीला तीन वाजता भरती, अष्टमीला सहा, एकादशीला सव्वाआठ, पौर्णिमेला सव्वाअकरा. सकाळी जी वेळ, साधारण तीच संध्याकाळी किंवा रात्री. त्यावरूनच कालवं काढायला खडपावर कधी जायचे आणि होडी कधी बाहेर काढायची ते घरात ठरते.

मग एका मुलाने अडचणीचा प्रश्न विचारला. पुस्तकातल्या हिशोबाने दोन भरतींत 12 तास 25 मिनिटे, म्हणजे दुसऱ्या दिवशी तीच भरती 50 मिनिटे उशिरा. पाऊणपटीच्या हिशोबात एका तिथीला 45 मिनिटेच वाढतात. चुकते कोण, पुस्तक की घरचे?

छात्राध्यापिकेने तो प्रश्न टाळला नाही, आणि हा तिचा मोठेपणा. तासिकेचा उरलेला वेळ तिने त्याच हिशोबाला दिला. शिवाय पुढच्या पंधरवड्यासाठी एक काम ठरवले: रोज परिपाठाच्या वेळी दोन मुलांनी आदल्या दिवसाची तिथी, पाऊणपटीने येणारी वेळ आणि घरच्या माणसाने धक्क्यावर प्रत्यक्ष पाहिलेली भरतीची वेळ फलकावर लिहायची. मुलांनी एकट्याने पाण्याकडे जायचे नाही, हे तिने पहिल्याच दिवशी बजावले.

चौथ्या-पाचव्या दिवसापासून हरकती सुरू झाल्या. भूगोलाचे नियमित शिक्षक म्हणाले, "मॅडम, पाठाखालचा स्वाध्याय झालेला नाही. धडा अर्धा राहिलाय." पाठ निरीक्षणाला आलेल्या आमच्या एका सहकाऱ्यांनी शेरा लिहिला: तिथीचे गणित अभ्यासक्रमाबाहेरचे. मुख्याध्यापकांची काळजी वेगळीच होती. परिपाठाची वेळ भूगोलाला देणे योग्य आहे का, मुलांच्या सुरक्षिततेची जबाबदारी कोणाची, आणि या नोंदींना मूल्यमापनात जागा आहे का?

तिघांचाही सूर 'हे अभ्यासक्रमाला धरून नाही' असा होता. प्रत्यक्षात एक बोलत होते पाठ्यपुस्तकाबद्दल, दुसरे पाठ्यक्रमाबद्दल आणि तिसरे अभ्यासक्रमाबद्दल. तिन्ही हरकतींची उत्तरे वेगळी आहेत, कारण त्यांच्यामागचे निर्णय वेगळे आहेत.

पहिली हरकत: धडा राहिला

स्वाध्याय सुटला नाही, ही तक्रार पाठ्यपुस्तकाची आहे. पाठ्यपुस्तक हे ठरलेला आशय मुलांपर्यंत नेण्याचे एक साधन. ते कोणीतरी लिहिलेले असते, त्यात उदाहरणे, आकृत्या, क्रम आणि भाषा निवडलेली असते, आणि निवड म्हटली की काहीतरी सुटतेच. राज्यासाठी एकच पुस्तक निघते तेव्हा ते रत्नागिरीच्या खाडीवरच्या मुलाला आणि समुद्र कधीच न पाहिलेल्या लातूरच्या मुलाला एकाच वेळी उद्देशून लिहावे लागते. पाऊणपटीचा ठोकताळा त्यात नसेल तर तो पुस्तकाचा दोष म्हणता येणार नाही. तो ठोकताळा या किनाऱ्यापुरता आहे. दुसऱ्या समुद्रावर भरतीची घडी वेगळी असते.

पाठ्यपुस्तक बदलले म्हणून पाठ्यक्रम बदलत नाही, याचे अलीकडचे उदाहरण आपल्या सगळ्यांच्या घरात येऊन गेले आहे. 2023-24 मध्ये राज्यात दुसरी ते आठवीची पुस्तके चार भागांत, मध्ये नोंदींसाठी कोरी पाने घालून आली. पुढे ती पद्धत बंद झाली. मुलांच्या दप्तराचे वजन आणि वहीची गरज यांवर त्या काळात पुष्कळ चर्चा झाली, पण सातवीच्या मुलाने भूगोलात काय शिकायचे ते या बदलाने हलले नाही. साधनाचा आकार बदलला, आशय तोच राहिला.

मग नियमित शिक्षकांची तक्रार निरर्थक होती का? नाही. स्वाध्यायातला एखादा प्रश्न पाठ्यक्रमातल्या अपेक्षेची एकमेव तपासणी असेल, तर तो सोडल्याने खरोखर नुकसान होते. पाहायचे ते एवढेच: सुटलेल्या प्रश्नातून जे साधायचे होते ते दुसऱ्या मार्गाने साधले का? दोन भरतींमधले अंतर मुलांनी फलकावर पंधरा दिवस स्वतः मांडले असेल तर त्या विषयीची रिकामी जागा भरून घेण्याची घाई नको. आकृती काढण्याचा प्रश्न मात्र सुटला असेल तर तो सोडवून घ्यायलाच हवा. तो का, ते पुढे येईल.

दुसरी हरकत: बाहेरचे शिकवले

निरीक्षकांचा शेरा पाठ्यक्रमाबद्दल होता. पाठ्यक्रम म्हणजे एका इयत्तेत, एका विषयात कोणता आशय, कोणत्या क्रमाने, किती खोलीपर्यंत आणि साधारण किती वेळात घ्यायचा याची मांडणी. शाळेत आपण 'पोर्शन' म्हणतो तो हाच. शिक्षकाचे वार्षिक नियोजन आणि घटक नियोजन यातूनच निघते.

पाठ्यक्रम स्वतंत्रपणे बदलू शकतो, हे 2020 मध्ये स्पष्ट दिसले. करोनामुळे शाळा बंद होत्या, तेव्हा राज्याने पहिली ते बारावीचा पाठ्यक्रम त्या वर्षापुरता 25 टक्क्यांनी कमी केला. मुलांच्या हातातली पुस्तके तीच होती. वगळलेले पाठ त्यात छापलेलेच होते. शिक्षणाची ध्येयेही तीच होती. हलला तो मधला थर. हे उदाहरण कोऱ्या पानांच्या उदाहरणाशेजारी ठेवले की दोन संकल्पनांमधला फरक कुठल्याही व्याख्येपेक्षा लवकर कळतो: एका वेळी पुस्तक बदलले आणि पाठ्यक्रम राहिला, दुसऱ्या वेळी पाठ्यक्रम बदलला आणि पुस्तक राहिले.

आता तिथीचे गणित. पाठ्यक्रमात 'तिथीची पाऊणपट' असा मुद्दा नाही, हे निरीक्षकांचे म्हणणे बरोबर. पण भरतीची वेळ रोज पुढे का सरकते आणि चंद्राच्या स्थितीशी तिचा संबंध काय, हा मुद्दा आहे. मुलाने विचारलेला प्रश्न तिथेच जाऊन पोहोचतो. छात्राध्यापिकेने वर्गात तो असा उलगडला. अमावास्येपासून पौर्णिमेपर्यंत पंधरा तिथींमध्ये भरतीची वेळ घड्याळाची एक फेरी, म्हणजे 12 तास, पुढे जाते. बारा तासांची 720 मिनिटे, त्यांना पंधराने भागले की तिथीला 48 मिनिटे. पुस्तकातली 50 मिनिटे घड्याळाच्या पूर्ण दिवसाची आहेत, आणि तिथी सरासरीने दिवसापेक्षा थोडी लहान असते, म्हणून 50 आणि 48 यांत भांडण नाही. पाऊणपटीचा ठोकताळा 48 ऐवजी 45 धरतो, कारण तोंडी हिशोबाला पाऊण सोपा. त्यामुळे पंधरवड्याच्या शेवटी त्यात पाऊण तासाची तूट येते. पण प्रतिपदेला मोजणी पुन्हा एकपासून सुरू होते, म्हणून चूक साठत जात नाही.

मुलांच्या फलकावरही हेच दिसले. ठोकताळा आणि प्रत्यक्ष वेळ यांत काही दिवशी पाव तासाचा फरक होता, काही दिवशी अर्ध्या तासाहून जास्त. भरतीची वेळ रोज सारख्याच मिनिटांनी सरकत नाही. उधाणाच्या दिवसांत ती हळू सरकते आणि भांगाच्या दिवसांत भरभर. होडी काढायला अर्ध्या तासाची ढिलाई चालते, म्हणून घरचा हिशोब पिढ्यान् पिढ्या टिकला.

म्हणजे तिथीचे गणित पाठ्यक्रमातल्या मुद्द्याकडे नेणारी वाट होती. ते पाठ्यक्रमाबाहेरचे ठरले असते ते कधी? छात्राध्यापिका तिथेच थांबली असती तर. आणि ती जवळजवळ थांबली होती. घटक चाचणीत एक प्रश्न होता: अष्टमीला भरती लहान का असते, आकृतीसह सांगा. पाऊणपटीचा हिशोब तोंडपाठ असलेल्या बऱ्याच मुलांनी 'भांग असतो म्हणून' एवढेच लिहिले. भांगाच्या दिवशी पाणी फार उतरत नाही, म्हणून कालवं काढायला बायका जात नाहीत, असेही एकाने लिहिले. ते खरे होते, मला ते उत्तर फार आवडले, पण कारण त्यात नव्हते. चंद्र आणि सूर्य पृथ्वीशी काटकोनात असतात, त्यांच्या ओढी एकमेकींना पूरक होत नाहीत, हे स्थानिक अनुभवातून आपोआप हाती येत नाही. ते शिकवावे लागते. तेवढ्यासाठी छात्राध्यापिकेने आणखी एक तासिका घेतली आणि मुलांनाच सूर्य, चंद्र, पृथ्वी करून वर्गात उभे केले. पुस्तकातली आकृती तिथे पुन्हा उघडली गेली आणि या वेळी मुलांनी ती कामाची म्हणून पाहिली.

अनुभव भरपूर झाला, मुले रमली, पण पाठ्यक्रमातली अपेक्षा पुरी झाली नाही, ही स्थिती उपक्रमशील शाळांत वरचेवर येते. ती ओळखायची खूण सोपी आहे: मुले 'काय' आणि 'कधी' सांगतात, 'का' विचारले की गप्प होतात.

तिसरी हरकत: परिपाठ, सुरक्षितता, मूल्यमापन

मुख्याध्यापकांचे प्रश्न ना पुस्तकाचे होते, ना पाठ्यक्रमाचे. परिपाठ कोणत्याच विषयाच्या पाठ्यक्रमात नाही, तरी तो रोज होतो, त्यासाठी वेळ राखलेला असतो आणि त्यातून काही घडावे अशी शाळेची अपेक्षा असते. शालेय पोषण आहाराच्या वेळी हात धुवायची रांग, सहल, कवायत, वर्गातली बैठक, चाचण्यांची पद्धत, हे सगळे शाळेने हेतूपूर्वक आखलेले अनुभव. ही संपूर्ण आखणी म्हणजे अभ्यासक्रम. त्यात ध्येये असतात, आशय निवडण्याचे निकष असतात, पद्धती आणि साहित्याविषयीची दिशा असते, मूल्यमापन असते. पाठ्यक्रम हा या आखणीतला आशयाचा भाग.

राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखडा 2005 तयार होताना या तीन संकल्पनांवर एक स्वतंत्र अभ्यासगट नेमला होता. त्याच्याही आधी, 1993 मध्ये, प्रा. यशपाल यांच्या समितीने 'ओझ्याविना शिक्षण' या अहवालात शिकवणे पुस्तकापुरते उरल्याची चिंता मांडली होती. महाराष्ट्राने 2010 मध्ये राज्य अभ्यासक्रम आराखडा केला आणि त्यावरून 2012 मध्ये प्राथमिक शिक्षणाचा अभ्यासक्रम आला. पुस्तके त्यानंतर इयत्तेइयत्तेने बदलत गेली. हा क्रम उत्तरात लिहिण्यासारखा आहे, कारण कोण कोणातून निघते ते त्यात दिसते: आधी आराखडा, मग विषयवार पाठ्यक्रम, शेवटी पुस्तक.

अभ्यासक्रमाचा मूल्यमापनाचा भाग एकटाही बदलू शकतो. 2010 मध्येच राज्यात पहिली ते आठवीसाठी सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन आले, आकारिक आणि संकलित अशा दोन भागांत. त्या दिवशी वर्गात तीच पुस्तके आणि तेच घटक होते, पण अभ्यासक्रम बदलला होता. मुख्याध्यापकांच्या तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर इथेच सापडते. आकारिक मूल्यमापनात निरीक्षण, प्रात्यक्षिक, उपक्रम, प्रकल्प यांना जागा आहे. फलकावरच्या नोंदी तिथे बसतात.

कायदाही नेमका याच थरावर बोट ठेवतो. शिक्षण हक्क कायदा 2009 च्या कलम 29 मध्ये अभ्यासक्रम आणि मूल्यमापनाची पद्धत शैक्षणिक प्राधिकरणाने ठरवावी असे आहे, आणि ती ठरवताना कृती, शोध आणि बालकस्नेही मार्गाने शिकणे, मुलाला भीतीपासून मुक्त ठेवणे या बाबी विचारात घ्यायच्या आहेत. कलम 24 शिक्षकावर ठरलेल्या वेळेत संपूर्ण अभ्यासक्रम पूर्ण करण्याची जबाबदारी टाकते. पुस्तकाचे प्रत्येक पान वाचून घेण्याची जबाबदारी त्यात लिहिलेली नाही. याच कायद्याच्या अनुसूचीत सहावी ते आठवीसाठी वर्षाला 220 दिवस आणि 1000 अध्यापन तास दिले आहेत. वेळेची ही चौकटही अभ्यासक्रमाचा भाग. म्हणून परिपाठातली पाच मिनिटे भूगोलाला द्यायची का, हा प्रश्न क्षुल्लक नव्हता. मुख्याध्यापकांनी तो विचारला हे योग्यच केले. छात्राध्यापिकेने ती वेळ न विचारता घेतली होती, आणि तसा निर्णय एका विषयाच्या शिक्षकाला एकट्याने घेता येत नाही.

या पंधरवड्यात आणखी एक गोष्ट घडली, जी कोणाच्याच टाचणात नव्हती. धक्क्यावरची वेळ कोण सांगणार, म्हणून मुले आपल्या आयांची, आज्यांची नावे घेऊ लागली. आईने सांगितलेली वेळ शाळेच्या फलकावर लिहिली जाते, हे मुलांनी पाहिले. शिक्षणशास्त्रात याला छुपा अभ्यासक्रम म्हणतात: न आखता, शाळेच्या वागण्यातून मुले जे शिकतात ते. तो चांगलाही असतो आणि वाईटही. 'गप्प बस, पुस्तकात काय आहे ते बघ' असे त्या मुलीला उत्तर मिळाले असते, तर तोही छुपा अभ्यासक्रमच झाला असता, आणि मुलांच्या मनात तो 12 तास 25 मिनिटांपेक्षा जास्त काळ राहिला असता.

निर्णय काय झाला, आणि उत्तरात काय लिहावे

तिघांशी बोलून शेवटी असे ठरले. स्वाध्यायातला आकृतीचा प्रश्न सर्वांनी सोडवायचा, बाकीचे फलकावरच्या नोंदींवरून तोंडी घ्यायचे. तिथीचा हिशोब ठेवायचा, पण घटक नियोजनात त्याच्यापुढे 'चंद्राची स्थिती व भरतीची वेळ यांचा संबंध सांगतो' ही अपेक्षा स्पष्ट लिहायची. परिपाठातली नोंद मुख्याध्यापकांच्या परवानगीने पंधरवड्यापुरतीच ठेवायची आणि आकारिक मूल्यमापनात धरायची. छात्राध्यापिकेने टाचण पुन्हा लिहिले. 'उद्दिष्टे' या रकान्यात आता उपशीर्षके नव्हती, मुलांनी काय करून दाखवायचे ते होते. 'साहित्य' या रकान्यात पाठ्यपुस्तक होतेच. त्याच्याबरोबर दिनदर्शिका, फलक आणि धक्क्यावरच्या नोंदी आल्या.

परीक्षेत हा प्रश्न आला तर व्याख्यांनंतर एखादा प्रसंग घेऊन तीन गोष्टी विचाराव्यात. हा निर्णय कोणी घेतला: प्राधिकरणाने, मंडळाने की शिक्षकाने? तो बदलला तर बाकीच्या दोहोंत काय हलते? आणि तो साधला की नाही हे कशावरून ठरवायचे: पाने संपण्यावरून, घटक येण्यावरून की मूल कसे घडते यावरून? तिसरीचे परिसर अभ्यासाचे पुस्तक आपल्या राज्यात जिल्हावार निघालेले आहे. अपेक्षा सर्वांसाठी त्याच ठेवून पुस्तके वेगळी करता येतात, याचा तो उत्तम पुरावा, आणि उत्तरात दोन ओळींत बसतो.

या प्रकरणाची मर्यादाही नोंदवली पाहिजे. हाच घटक देवरूखच्या शाळेत घ्यायचा तर धक्का नाही, खाडी नाही, कालवं काढायला जाणारी आजी नाही. पाठ्यक्रम तोच, अभ्यासक्रमाची अपेक्षाही तीच: मुलाने स्वतः पाहून, पडताळून शिकावे. तिथल्या शिक्षकाला पुस्तकातल्या आकृत्यांवर इथल्यापेक्षा कितीतरी जास्त विसंबावे लागेल. वृत्तपत्रात किंवा दिनदर्शिकेत मुंबईच्या भरतीच्या वेळा मिळाल्या तर त्या महिनाभर जमवून आलेख काढता येईल, आणि रोजची 50 मिनिटे त्या आलेखावर दिसतील. खाडीवरच्या मुलांना घरातून मिळालेले 'कधी' तिथल्या मुलांना या आकड्यांतून मिळवावे लागेल. 'का' मात्र दोन्ही वर्गांत शिक्षकालाच समजावून द्यावे लागेल.